खतखत्याचा लेख सर्चमध्ये बसवताना वाचण्यासारखा कसा ठेवायचा?

माटोळी | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

फोंड्याहून लिहितेय. घरच्या पदार्थांवर लिहायचं माझं एक छोटं संकेतस्थळ आहे, वर्डप्रेसवर. त्यातला खतखत्याचा लेख चार वर्षांपूर्वीचा, आणि दर गणेशचवथीला तोच सगळ्यात जास्त वाचला जायचा. यंदा जुलैत भाच्याने 'एसईओ करून देतो, गुगलवर वर येईल' म्हणून तो लेख हातात घेतला. मुलगा मनाने चांगला आहे, रागवायचं नाही असं ठरवलंय. पण चवथ उलटल्यावर बघते तर वाचक निम्मे.

आधीचं शीर्षक होतं 'चवथीचे खतखते'. आता आहे:

'खतखते रेसिपी | गोवन खतखते रेसिपी मराठी | खतखतें कसे बनवायचे | Khatkhate Recipe in Marathi'

आणि सुरुवात अशी: 'गोवन खतखते रेसिपी ही गोव्यातील प्रसिद्ध गोवन खतखते रेसिपी आहे. आज आपण गोवन खतखते रेसिपी मराठी मध्ये पाहूया. गोवन खतखते मध्ये अनेक भाज्या असतात.' साधारण नऊशे शब्दांच्या लेखात 'गोवन खतखते रेसिपी' एकतीस वेळा आलंय. मीच मोजलं, पेन्सिल घेऊन.

त्यावर कडी म्हणजे, लेखाच्या तळाशी त्याने पांढऱ्या अक्षरांत चाळीसेक शब्द टाकले होते. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? माझे दीर रात्री फोन काळ्या पडद्यावर ठेवून वाचतात, त्यांना लख्ख दिसलं. 'वहिनी, खाली मंत्रजप कसला?' म्हणून फोन आला.

सगळं पुसून जुनं परत ठेवू का? की यातलं काही ठेवण्यासारखं आहे?

---

पेडणेकार | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सगळं पुसू नका. कीवर्डची घनता दीड-दोन टक्के असावी लागते, तुमची जास्त झालीय एवढंच. नऊशे शब्दांत चौदा-पंधरा वेळा ठेवा. शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि प्रत्येक उपशीर्षकात शब्द आलाच पाहिजे. एसईओ प्लगिनचा दिवा हिरवा झाल्याशिवाय थांबू नका. पांढरी अक्षरं मात्र आजच काढा, ती चक्क फसवणूक धरतात.

---

डिचोलीचे_मास्तर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३२

बाय, माझ्या मते मूळ दोष फॉन्टचा असावा. आमच्या शाळेच्या स्मरणिकेतले लेख मी संगणकावर चढवले तेव्हा शोधात एकही सापडेना. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले होते, पडद्यावर मराठी दिसे पण आत सगळी इंग्रजी चिन्हं. युनिकोडमध्ये पुन्हा करून घेतल्यावर सापडू लागले. तुमचा लेख युनिकोडमध्ये आहे ना?

---

माटोळी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४१

हो मास्तर, फोनवरच टाइप केलेला आहे. पांढरी अक्षरं काढली आत्ताच.

---

शाईचा_डाग | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

पणजीत बातम्यांच्या संकेतस्थळावर बरीच वर्षं मथळे पाडण्याचं काम केलं, म्हणून चार शब्द लिहितो.

काहीही पुसण्याआधी गुगलचं सर्च कन्सोल उघडा, लेख शोधात किती दिसला नि उघडला ते तिथे कळतं. Performance मध्ये हा एकच लेख निवडा आणि दोन काळांची तुलना लावा. इथे एक चूक हमखास होते. ऑगस्ट-सप्टेंबरची तुलना जून-जुलैशी करायची नाही, कारण खतखतं शोधतात ते चवथीच्या तोंडावर. आणि गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशीही करायची नाही. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती, यंदाची २७ ऑगस्टला. तारखा तशाच धरल्या तर अकरा दिवसांची गफलत होईल आणि निकाल भलताच दिसेल. चवथीच्या आदल्या दिवसापर्यंतचे अठ्ठावीस दिवस घ्या: तेव्हाचे १० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, यंदाचे ३० जुलै ते २६ ऑगस्ट. तिथे सोळा महिन्यांचीच माहिती राहते, तेव्हा आताच बघून आकडे उतरवून ठेवा.

मग Queries मध्ये कोणत्या शब्दांवर काय झालं ते इथे लिहा. नुसती बेरीज नको.

पेडणेकार, घनतेचा असा कुठलाही आकडा गुगलने ठरवलेला नाही. शब्द शीर्षकात आणि सुरुवातीला असावा हे तुमचं बरोबर. पण 'प्रत्येक उपशीर्षकात' म्हणता तिथेच घोडं पेंड खातं.

---

दोन_खोल्या | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

मध्येच घुसते, माफ करा. काणकोणात आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे, ब्लॉगरवर माहिती टाकलीय. माझ्या लेखांचे पत्ते `blog-post_7.html`, `blog-post_12.html` असेच होतात. त्यामुळेच कुणी येत नसेल का? माटोळीताई, तुमचा पत्ता कसा आहे?

---

माटोळी | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

माझा पत्ता व्हॉट्सअपवर पाठवला की %E0%A4 असं काहीतरी लांबलचक होतं. भाचा म्हणत होता की तोही इंग्रजीत बदलूया, मी नको म्हटलं.

आकडे काढले. २०२४ मध्ये लेख ५,९०० वेळा दिसला, ४१० जणांनी उघडला, सरासरी स्थान ६.१. यंदा ६,३०० वेळा दिसला, २१५ जणांनी उघडला, स्थान ६.८.

शब्दांत बघितलं तर 'khatkhate recipe' आणि 'खतखते रेसिपी' या दोन्हींवर मिळून तेव्हा १८० जण आले, यंदा ९०. या दोन्हींवर स्थान मात्र जवळपास तेच, पाचच्या आसपास. आणि 'तिरफळ म्हणजे काय', 'तिरफळ कधी घालायचे', 'tirphal substitute' असले शब्द तेव्हा बरेच होते, त्यांवरून सत्तरेक जण आले होते. यंदा ते यादीतून जवळजवळ गायब.

आता आठवलं. तिरफळावर माझे दोन परिच्छेद होते. 'यात कीवर्ड नाही, विषयांतर आहे' म्हणून भाच्याने ते उडवले.

---

शाईचा_डाग | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

झालं, दोन वेगळी दुखणी आहेत. औषधंही वेगळी.

पहिलं: लेख होता त्याच जागी दिसतोय, पण लोक त्यावर बोट ठेवत नाहीत. म्हणजे निकालात जे दिसतं त्यात खोट आहे. फोनवर स्वतः शोधून बघा, निळ्या अक्षरांत नेमकं काय येतंय. तुमचं शीर्षकच येतंय की दुसरंच काही?

दुसरं: तिरफळाचा मजकूर गेला, तिरफळ शोधणारेही गेले. त्याला एसईओचं कोडं म्हणायला नको. दुकानातून माल काढला तर गिऱ्हाईक कशाला येईल?

दोन_खोल्या, ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नाही म्हणून `blog-post` टाकतो. पत्ता दिसायला वाईट, पण लोक न येण्याचं कारण तो नव्हे. पुढच्या लेखांना प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या Permalink मध्ये हाताने इंग्रजी अक्षरांत पत्ता द्या. जुने राहू द्यात. माटोळीबाई, तुमचाही पत्ता आहे तसाच ठेवा. चार वर्षांत लोकांनी तो जिथे-तिथे दिलेला आहे.

---

माटोळी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

शोधलं. माझं शीर्षक येतच नाही! तिथे येतंय 'गोवन खतखते रेसिपी साहित्य'. हे तर लेखाच्या मधलं उपशीर्षक आहे.

---

शाईचा_डाग | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वाटलंच होतं. तुम्ही दिलेलं शीर्षक गुगल दाखवेलच असं नाही. त्यात शब्दांची खोगीरभरती दिसली, किंवा पानावर एकसारखे मोठे दोन-चार मथळे असल्याने मुख्य कोणता ते कळलं नाही, तर ते पानावरूनच दुसरं काही उचलतं. २०२१ च्या ऑगस्टपासून हे जास्त ठळकपणे होतंय. तुमच्याकडे दोन्ही कारणं असणार.

संगणकावर लेख उघडून Ctrl+U दाबा आणि त्यात `<h1` शोधा. ही मुख्य मथळ्याची खूण, एकच सापडायला हवी.

---

माटोळी | १३ ऑक्टोबर, रात्री १०:२५

सहा.

---

पेडणेकार | १३ ऑक्टोबर, रात्री १०:४०

सहा असले तर दंड बसतो. एका पानाला एकच h1, हा नियम आहे.

---

शाईचा_डाग | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

दंडबिंड काही नाही. मथळे किती आणि कोणत्या क्रमाने असावेत यावर ते अडून बसत नाहीत, तसं त्यांनी लिहूनही ठेवलंय. त्रास वेगळाच आहे. घरात सहा जण 'मीच यजमान' म्हणू लागले तर भटाने संकल्प कुणाच्या नावाने सोडायचा? इथे तेच झालं, संकल्प साहित्याच्या नावाने सुटला. शिवाय जे डोळ्यांनी बघू शकत नाहीत, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, ते मथळ्यांवरूनच पानात फिरतात. त्यांचा तर गोंधळच.

वर्डप्रेसमध्ये लेखाचं नाव थीम आपोआप h1 करते. म्हणून आत लिहिताना Heading 1 वापरायचाच नाही, Heading 2 पासून सुरू करायचं. नुसती अक्षरं ठळक करून मथळा केल्यासारखं दाखवू नका, तो मथळा धरला जात नाही. सांगाडा असा राहील:

```html
<title>गोव्याचे खतखते: चवथीची तिरफळ घातलेली मिश्र भाजी</title>
<h1>गोव्याचे खतखते</h1>
<h2>साहित्य</h2>
<h2>भाज्या कोणत्या क्रमाने शिजवायच्या</h2>
<h2>तिरफळ कधी आणि किती</h2>
<h2>तिरफळ मिळाले नाही तर</h2>
```

साहित्याच्या मथळ्यावर नुसतं 'साहित्य' पुरे. खतखत्याच्या लेखात साहित्य आणखी कशाचं असणार? शेवटचे दोन मथळे तुमच्याच यादीतून घेतलेत, लोकांनी तेच विचारलं होतं.

`title` म्हणजे बाहेरची पाटी आणि h1 म्हणजे दारावरचं नाव. दोन्ही सारखीच हवीत असं नाही, पण घर एकच वाटलं पाहिजे. तुमचं जुनं 'चवथीचे खतखते' गोड होतं. फक्त ज्याला पदार्थ ठाऊक नाही त्याला त्यावरून काही कळत नव्हतं. घाटावरचा माणूस चवथ म्हणजे कोणती, इथून सुरुवात करेल.

---

कडीपत्ता | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:१८

सावंतवाडीहून. मी अशा लेखांची नेहमीची वाचक. शीर्षकात 'मिश्र भाजी' वाचून मी पुढे सरकेन. खतखतं म्हणजे मिश्र भाजी नव्हे! तूरडाळ, खोबरं आणि तिरफळ, नि फोडणी नाही, हा त्याचा जीव. भाजी म्हटलं की पोळीबरोबरची आठवते.

आणि आमच्याकडे शेवटी आमसुलं पडतात. तुम्ही गूळ किती घालता?

---

माटोळी | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

सोलं आम्हीही घालतो. गूळ सुपारीएवढा. नीरफणस मिळाला तर आणखी कमी. 'मिश्र भाजी' मलाही खटकत होतं. 'गोव्याचे खतखते: तूरडाळ, भाज्या आणि तिरफळ' असं केलं तर?

---

शाईचा_डाग | १४ ऑक्टोबर, दुपारी १:००

हे माझ्यापेक्षा बरं आहे. पदार्थाचं नाव पहिल्यांदा, पुढे त्यात काय आहे ते. फोनवर दोन ओळींत मावेल.

---

पेडणेकार | १४ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पण 'रेसिपी' शब्दच गेला की शीर्षकातून. लोक तोच टाइप करतात. आणि साठ अक्षरांची मर्यादा मोजलीत का? माझ्या प्लगिनने मराठी शीर्षकांना कायम तांबडा दिवा दाखवलाय.

---

शाईचा_डाग | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

साठ हा आकडा रोमन लिपीच्या अंदाजाने रूढ झालाय. खरी मर्यादा जागेच्या रुंदीची, आणि ती पडद्यागणिक वेगळी. मराठीत तर मोजणीच फसवी आहे. 'खतखत्यात' आपल्याला पाच अक्षरं दिसतात, संगणक आठ मोजतो, कारण काना, हलन्त सगळं वेगळं धरतो. म्हणून दिव्याकडे न बघता फोनवर मावतंय का ते बघावं. महत्त्वाचं नाव आधी आलं असेल तर शेपूट तुटलं तरी बिघडत नाही.

'रेसिपी'चा मुद्दा मान्य. 'गोव्याचे खतखते रेसिपी: तूरडाळ, भाज्या आणि तिरफळ' असंही चालेल, मला ते जरा अडखळतं. 'खतखत्याची रेसिपी' म्हटलं की मराठी सरळ होतं, पण शोधणारा लिहितो 'खतखते'.

प्लगिनचा खरा घोळ इथेच आहे. तो नेमका दिलेलाच शब्द मोजतो. 'खतखत्यात', 'खतखत्याला' त्याच्या हिशेबी शून्य. म्हणून दिवा हिरवा करायच्या नादात माणूस 'खतखते मध्ये तिरफळ घालणे' असं लिहू लागतो. भाच्याने जाणूनबुजून वाईट मराठी लिहिलेलं नाही, दिव्याने ते लिहून घेतलंय.

---

दोन_खोल्या | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४५

अगदी! माझ्याही पानावर 'काणकोण होमस्टे मध्ये राहणे' असं आठ ठिकाणी आहे. मला वाटायचं, नेटवरचं मराठी असंच असतं.

---

कडीपत्ता | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

पण मग 'खतखत्यात' लिहिलं तर गुगलला कळतं का, की ते खतखतंच आहे म्हणून?

---

शाईचा_डाग | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

माझा अनुभव असा की बहुतेक वेळा कळतं. रूढ शब्दांची सामान्यरूपं चांगली ओळखली जातात. गावठी, क्वचितच लिहिल्या जाणाऱ्या शब्दांत कधी जुळतं, कधी नाही. म्हणून मी मूळ रूप शीर्षकात, h1 मध्ये आणि पहिल्या वाक्यात ठेवतो. पुढे विभक्ती जशी येईल तशी येऊ देतो, मोजत बसत नाही.

पुनरुक्ती काढायची माझी रीत साधी आहे. परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि शेजारच्या खोलीतला माणूस 'परत काय तेच?' म्हणेल त्या जागी खूण करायची. खूण केलेल्या जागी समानार्थी शब्द कोंबायचा नाही. बहुतेक वेळा वाक्याला कर्त्याची गरजच नसते, मराठीत क्रियापदावरून कळतं. 'गोवन खतखते रेसिपी मध्ये आता गूळ घाला' याचं 'आता गूळ घाला' होतं, इतकंच.

---

डिचोलीचे_मास्तर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

हे ऐकून बरे वाटले. वर्गात निबंधावर मी हीच खूण करीत असे, तांबड्या शाईने. एक शंका: 'खतखतें' अनुस्वार देऊन, 'खदखदे', आणि इंग्रजी अक्षरांतले, ही सर्व रूपे शोधणारे असतात. त्यांचे काय करायचे? भाच्याने त्यासाठीच सगळी शीर्षकात घातली असावीत.

---

शाईचा_डाग | १५ ऑक्टोबर, दुपारी २:४०

बरोबर, त्याचा हेतू तोच होता. जागा चुकली. लेखात एकदा माहिती म्हणून सांगायचं: 'कोकणीत याला खतखतें म्हणतात, काही घरांत खदखदे.' वाचणाऱ्यालाही त्यात गोडी आहे.

रोमनचं मला पक्कं ठरवता आलेलं नाही. जुन्या लेखात रोमन अक्षर एकही नव्हतं, तरी 'khatkhate recipe' वर लोक येत होते. म्हणजे बऱ्यापैकी जुळवून घेतलं जातं. तरी तो शब्द कुठेतरी एकदा असावा असं म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत.

---

पेडणेकार | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

मी त्यातलाच. फोटोच्या ऑल्ट मजकुरात टाकतो. मला फरक पडला.

---

शाईचा_डाग | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

फरक त्यानेच पडला की फोटोच नवे होते म्हणून, ते कसं ओळखलंत? ऑल्टमध्ये फोटोत काय आहे ते लिहावं, 'पितळेच्या टोपात खतखते, वर तिरफळाचे दाणे' असं. यावर आपलं पटणार नाही, राहू दे.

---

माटोळी | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

बसून पुन्हा लिहिला. सुरुवात आता अशी आहे:

'खतखते म्हणजे तूरडाळीत शिजवलेल्या पाच-सात भाज्या, वाटलेले ओले खोबरे आणि वर तिरफळ. फोडणी नाही, कांदा-लसूण नाही. कोकणीत याला खतखतें म्हणतात, काही घरांत खदखदे. आमच्याकडे चवथीच्या नैवेद्याच्या पानात हे लागतेच, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते.'

तिरफळाचे दोन्ही परिच्छेद जुन्या आवृत्तीतून परत आणले. वर्डप्रेसमध्ये Revisions नावाची सोय आहे हे मला माहीतच नव्हतं. ठेचून बिया काढायच्या, शेवटी घालायचं, नि 'मिळालं नाही तर' खाली प्रामाणिकपणे लिहिलं की तीच चव दुसऱ्या कशाने येत नाही, सोलं आणि खोबऱ्यावर निभावून न्या. h1 आता एकच. शीर्षक 'गोव्याचे खतखते रेसिपी: तूरडाळ, भाज्या आणि तिरफळ' ठेवलं. अडखळतं, पण पेडणेकारांचा मान राखला.

मोजायचं नाही म्हणून मोजलं नाही. (मोजलं. विभक्ती धरून अकरा.) दिवा नारिंगी आहे.

---

शाईचा_डाग | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

नारिंगी राहू दे. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत लेखाचा पत्ता टाका आणि Request Indexing एकदाच दाबा. रोज दाबून लवकर होत नाही. आता दोन आठवडे शीर्षकाला हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

---

दोन_खोल्या | २० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मी माझ्या पानाचं Ctrl+U केलं. h1 एकही नाही, लेखाचं नाव h3 मध्ये आहे. हे वाईट का?

---

पेडणेकार | २० ऑक्टोबर, सकाळी १०:४५

जुन्या ब्लॉगर टेम्पलेटात तसंच असतं. चालतं. शीर्षकात आधी ब्लॉगचं नाव येतंय का ते बघा, लेखाचं नाव मागे ढकललं जात असेल तर ते आधी सुधारा.

---

माटोळी | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

आज शोधलं तर निकालात माझंच शीर्षक आलं, शेवटचा शब्द तुटून. खाली दोन ओळी दिसतात त्या 'फोडणी नाही, कांदा-लसूण नाही' या आहेत. तिरफळाचा शब्द यादीत एकदाच आलाय, बाराव्या स्थानावर. लोक किती उघडतात ते या महिन्यात बघून उपयोग नाही, आता खतखतं कोण करतंय.

पुढची चवथ १४ सप्टेंबर २०२६ ला आहे. १७ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, अठ्ठावीस दिवस. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, आणि यंदाचे आकडे त्याच्याच मागे. भाच्याला शीर्षक दाखवलं, म्हणाला, 'मामी, यात एकच कीवर्ड आहे.'